छोट्या कारखान्याचं मास्टर बजेट: विक्रीच्या आकड्यापासून नफ्याच्या आकड्यापर्यंत

बँकेला सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, लिमिटच्या नूतनीकरणासाठी ‘अंदाजपत्रक’ द्यायचं म्हणून अनेक कारखानदार गेल्या वर्षीच्या ताळेबंदावर १० टक्के चढवून कागद तयार करतात. त्या कागदावरून एप्रिलमध्ये किती टन लोखंड उचलायचं, पावसाळ्यात किती कामगार रिकामे बसतील आणि शेवटी हातात काय उरेल हे काहीच समजत नाही. मास्टर बजेट हे सगळं सांगतं, कारण त्यात प्रत्येक आकडा आधीच्या आकड्यातून निघतो. विक्रीवरून उत्पादन ठरतं, उत्पादनावरून खरेदी, मजुरी आणि ओव्हरहेड, म्हणजे कारखान्याचा बाकीचा खर्च, ठरतात, आणि या सगळ्यातून नफा निघतो.

उदाहरण म्हणून जालना एमआयडीसीतला एक काल्पनिक कारखाना घेऊ. तो ट्रॅक्टरचा नऊ फणी मोगडा, म्हणजे कल्टिव्हेटर, बनवतो. माल एकच, कामगार सहा, एक सुपरवायझर. गिऱ्हाईक म्हणजे परभणी, हिंगोली, अंबड, सिल्लोडकडचे अवजारविक्रेते. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, तुमचे वेगळे असतील. आकड्यांची साखळी मात्र अशीच राहील. सगळ्या रकमा जीएसटी सोडून आहेत, कारण इनपुट क्रेडिट मिळत असेल तर जीएसटी हा खर्च नसतो. तो रोख अडकवतो, त्याबद्दल शेवटी बोलू.

## बसण्याआधी टेबलावर काय हवं

- गेल्या दोन वर्षांची महिनावार विक्री, नगांमध्ये. रुपयांमधली चालणार नाही.
- लोखंडाची बिलं आणि वजनकाट्याच्या पावत्या.
- पगारपत्रक आणि हजेरी रजिस्टर.
- महावितरणची बारा महिन्यांची बिलं.
- बँकेला दिलेलं मार्चअखेरचं स्टॉक स्टेटमेंट.
- सीएकडून घसाऱ्याचा तक्ता.
- एक्सेल किंवा तसंच एखादं स्प्रेडशीट.

## १. विक्रीचं बजेट: वर्षाचा नव्हे, हंगामाचा आकडा

मोगड्याची मागणी दोनदा येते. खरिपाच्या पेरणीआधी, म्हणजे एप्रिल ते जून, ती मोठी असते. सोयाबीन निघाल्यावर रब्बीची तयारी सुरू होते तेव्हा पुन्हा उठते. आपल्या कारखान्याचा अंदाज असा: एप्रिल-जून १८० नग, जुलै-सप्टेंबर ६०, ऑक्टोबर-डिसेंबर १२० आणि जानेवारी-मार्च ९०. एकूण ४५० नग. विक्रेत्याला दर नगाला २४,००० रुपये, म्हणजे विक्री १,०८,००,००० रुपये.

इथे एक सापळा आपल्याकडेच जास्त चावतो. पाडव्याच्या मुहूर्तावर अवजारं खूप उठतात, पण पाडवा कधी मार्चमध्ये येतो, कधी एप्रिलमध्ये. २०२६ चा पाडवा १९ मार्चला आणि २०२७ चा ७ एप्रिलला. म्हणजे २०२६-२७ या आर्थिक वर्षात पाडवा येतच नाही. मागच्या वर्षीच्या मार्च-एप्रिलचे आकडे तसेच उचलले तर विक्री चुकीच्या तिमाहीत किंवा चक्क चुकीच्या वर्षात जाऊन बसते. म्हणून जुने आकडे इंग्रजी महिन्यांनी मांडताना शेजारी पाडवा, अक्षय्य तृतीया आणि पहिल्या मोठ्या पावसाची तारीख लिहून ठेवा.

दर लिहिताना बिलावरचा दर न धरता हंगामी स्कीम वजा जाऊन प्रत्यक्ष काय पडतं ते पाहा. आपण स्कीम वेगळी, विक्रीच्या २ टक्के, खर्चात धरणार आहोत. दोन्हीकडे धरू नका.

## २. उत्पादनाचं बजेट: साठा हाच बिजागर

सूत्र सोपं आहे. विक्री अधिक अखेरचा हवा असलेला साठा, वजा सुरुवातीचा साठा, बरोबर उत्पादन. अवघड आहे ते अखेरचा साठा किती ठेवायचा हे ठरवणं.

पुस्तकी सवयीने ‘पुढच्या तिमाहीच्या विक्रीच्या १० टक्के’ असा नियम लावला, तर ३१ मार्चला १८ नग शिल्लक हवेत असं उत्तर येतं. आता क्षमता पाहा. सहा कामगार, रोज ८ तास, तिमाहीत ७५ दिवस, म्हणजे ३,६०० तास. वीज जाणं, माल उतरवणं, फिक्स्चर बदलणं, गैरहजेरी यांचे १५ टक्के काढले की कामाचे ३,०६० तास उरतात. एका मोगड्याला कटिंगपासून रंगापर्यंत २० तास लागतात. म्हणजे तिमाहीत जास्तीत जास्त १५३ नग. साठ्यातले १८ आणि नवे १५३ मिळून १७१ होतात, आणि मागणी आहे १८० ची. हंगाम ऐन भरात असताना नऊ नगांच्या ऑर्डरींना नाही म्हणावं लागेल आणि गोदाम रिकामं पडेल.

म्हणून साठा टक्क्यांनी न ठरवता क्षमतेतली तूट पाहून ठरवायचा. आपल्या कारखान्याकडे १ एप्रिलला ५० नग आहेत आणि पुढच्या हंगामासाठी ३१ मार्चला ६० हवेत.

| | एप्रि-जून | जुलै-सप्टें | ऑक्टो-डिसें | जाने-मार्च | वर्ष |
|---|---|---|---|---|---|
| विक्री | १८० | ६० | १२० | ९० | ४५० |
| अधिक: अखेरचा साठा | २० | ५० | ३० | ६० | ६० |
| वजा: सुरुवातीचा साठा | ५० | २० | ५० | ३० | ५० |
| उत्पादन | १५० | ९० | १०० | १२० | ४६० |

वर्षाच्या रकान्यात साठ्याची बेरीज करायची नाही. तिथे फक्त १ एप्रिलचा आणि ३१ मार्चचा साठा येतो. नवखा माणूस चारही तिमाहींचे साठे मिळवतो आणि मग काही केल्या ताळा बसत नाही.

तिमाही जुळली तरी महिना अडू शकतो. पहिल्या तिमाहीतले १८० नग एप्रिल ७०, मे ७५, जून ३५ असे गेले आणि दरमहा ५० बनले, तर एप्रिलअखेर साठा ३०, मेअखेर फक्त ५ आणि जूनअखेर २०. काम भागतं, पण मेअखेर पाचच नग उरतात. मे महिन्यात आठवडाभर ट्रान्सफॉर्मर बंद राहिला की विक्री हातची जाते. त्यामुळे हंगामाच्या तिमाहीपुरती ही महिनावार मांडणी कराच. बाकीच्या तिमाहींना तिची गरज पडत नाही.

## ३. खरेदीचं बजेट: वापर वेगळा, खरेदी वेगळी

तयार मोगड्यात लोखंड भरतं १९० किलो. कटिंगमध्ये ५ टक्के तुकडे आणि चूर जातो. हे ५ टक्के घेतलेल्या मालावर असतात, म्हणून १९० ला ०.९५ ने भागायचं: २०० किलो. त्यातून दर नगाला १० किलो भंगार निघतं.

हा २०० चा आकडा कागदावरून उचलू नका. पाच नगांसाठी लागणारा माल कापण्याआधी काट्यावर घाला. कारण असं की, लोखंड आपण घेतो वजनाने आणि कापतो लांबीने. ५०×५०×६ चा अँगल तक्त्याप्रमाणे मीटरला ४.५ किलो भरतो, म्हणजे ६ मीटरचा बार २७ किलो. रोलिंग मिलचा माल त्याहून जाड निघाला तर तुकडे तेवढेच पडतात आणि बिल जास्तीचं होतं. सगळा माल सरासरी ३ टक्के जड आला, तर वर्षाच्या ९२ टनांवर २,७६० किलो जादा लागतात, म्हणजे दीड लाख रुपये. बजेटमध्ये हा फरक दिसत नाही आणि वर्षअखेरीला ‘लोखंड कुठे गेलं’ म्हणून कामगारांवर संशय जातो.

लोखंडाचा दर धरू ५५ रुपये किलो. यात मिलचा दर, भराई आणि कारखान्यापर्यंतचं भाडं सगळं आलं. प्रत्येक तिमाहीअखेर पुढच्या तिमाहीच्या गरजेच्या २० टक्के लोखंड शिल्लक ठेवायचं. पुढच्या वर्षीची पहिली तिमाही यंदासारखीच, १५० नगांची, धरली आहे.

| किलो | एप्रि-जून | जुलै-सप्टें | ऑक्टो-डिसें | जाने-मार्च | वर्ष |
|---|---|---|---|---|---|
| उत्पादनासाठी | ३०,००० | १८,००० | २०,००० | २४,००० | ९२,००० |
| अधिक: अखेरचा साठा | ३,६०० | ४,००० | ४,८०० | ६,००० | ६,००० |
| वजा: सुरुवातीचा साठा | ६,००० | ३,६०० | ४,००० | ४,८०० | ६,००० |
| खरेदी | २७,६०० | १८,४०० | २०,८०० | २५,२०० | ९२,००० |

पहिल्या तिमाहीत वापर ३० टनांचा, म्हणजे १६,५०,००० रुपये, पण खरेदी १५,१८,००० रुपयांची. नफ्याच्या हिशेबात वापर जातो आणि रोखीच्या हिशेबात खरेदी. बहुतेक चुकलेल्या बजेटांमध्ये खरेदीची रक्कम सरळ नफा-तोट्यात टाकलेली आढळते. वर्षभराचं लोखंड इथे दोन्हीकडे सारखंच आहे, कारण सुरुवातीचा आणि अखेरचा साठा सारखा आहे. तसं नेहमी होत नाही.

फाळ, बोल्ट आणि पिनांचा तयार संच नगाला १,८०० रुपये. तो लागेल तसा आणला जातो, म्हणून त्याचा साठा धरलेला नाही. ४६० संच म्हणजे ८,२८,००० रुपये. भंगार किलोला ३० रुपयांनी जातं, नगाला ३००, वर्षाला १,३८,००० रुपये. ही रक्कम मालाच्या खर्चातून वजा करा किंवा इतर उत्पन्नात दाखवा, पण एकाच जागी. आपण खर्चातून वजा करतो आहोत, म्हणून लोखंडाचा निव्वळ खर्च नगाला १०,७०० रुपये.

## ४. मजुरीचं बजेट: इथेच चार लाख हरवतात

४६० नगांना २० तासांप्रमाणे ९,२०० तास लागतात. कामगारांना मात्र वर्षाचे १४,४०० तासांचे पैसे द्यावे लागतात, कारण ते महिन्याच्या पगारावर आहेत. १५,००० रुपये महिना, सहा जण, बारा महिने आणि दिवाळीला एक जादा पगार: ११,७०,००० रुपये. पीएफ आणि ईएसआयसी लागू असेल तर मालकाचा हिस्सा यात मिळवायचा. ईएसआयसीचा ३.२५ टक्के आहे. पीएफचा १२ टक्के आणि त्यावर प्रशासन शुल्क वगैरे वेगळं.

आता चूक कशी होते ते बघा. ११,७०,००० भागिले १४,४०० म्हणजे तासाला ८१.२५ रुपये. एका नगाला २० तास, म्हणजे १,६२५ रुपये. ४६० नगांची मजुरी ७,४७,५०० रुपये. गणित अगदी नीटनेटकं दिसतं. पण खिशातून ११,७०,००० गेले. मधले ४,२२,५०० रुपये कुठल्याच तक्त्यात नाहीत, आणि नफा साडेतीन लाखांहून जास्त फुगलेला दिसतो. याच १,६२५ च्या आकड्यावर कोटेशन दिलं जातं आणि ऑर्डरी भरपूर असूनही पैसा का टिकत नाही याचा शोध भलतीकडे चालू राहतो.

त्यामुळे पगारी कामगार असतील तर मजुरीच्या बजेटमध्ये तीन ओळी ठेवाच: लागणारे तास, मिळणारे तास आणि रिकामे तास.

| तास | एप्रि-जून | जुलै-सप्टें | ऑक्टो-डिसें | जाने-मार्च |
|---|---|---|---|---|
| लागणारे | ३,००० | १,८०० | २,००० | २,४०० |
| मिळणारे | ३,०६० | ३,०६० | ३,०६० | ३,०६० |
| रिकामे | ६० | १,२६० | १,०६० | ६६० |

या तक्त्यातून दोन निर्णय निघतात. पहिल्या तिमाहीत फक्त ६० तासांची सवड आहे. एक वेल्डर १५ दिवस लग्नसराईत गेला की मिळणारे १०२ तास कमी होतात, म्हणजे ४२ तासांची तूट. मग ओव्हरटाइम, तोही दुप्पट दराने, किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणखी पाच-सहा नग आधीच बनवून ठेवणं. दुसरा पर्याय स्वस्त पडतो, कारण त्या महिन्यांत माणसं तशीही रिकामी आहेत.

दुसरा निर्णय पावसाळ्याचा. जुलै-सप्टेंबरमध्ये १,२६० तास पडून आहेत. गळीत हंगामाआधी ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती याच काळात निघते. त्यातले ८०० तास जरी तासाला १५० रुपयांनी विकले गेले तरी १,२०,००० रुपये येतात, आणि मजुरी एक रुपयाही वाढत नाही. हे उत्पन्न काम पक्कं होईपर्यंत बजेटमध्ये धरू नका. आपणही धरलेलं नाही.

कामगार नगावर, ठेक्याने असतील तर मजुरी खरोखर नगाप्रमाणे बदलते आणि वरची अडचण येत नाही. पण मग हंगामात ते मिळतील का, हा प्रश्न उत्पादनाच्या तक्त्यात विचारावा लागतो.

## ५. ओव्हरहेड: आधी दोन ढीग करा

नगाबरोबर हलणारा खर्च एका बाजूला: वेल्डिंग रॉड आणि वायर ४५० रुपये, रंग-थिनर ३५०, कटिंग-ग्राइंडिंगची चाकं १००, युनिटप्रमाणे वीज ३००. नगाला १,२०० रुपये, ४६० नगांना ५,५२,००० रुपये.

न हलणारा दुसऱ्या बाजूला: शेडचं भाडं २,४०,०००, सुपरवायझरचे तेरा पगार ३,१२,०००, विजेचा स्थिर आकार ३६,०००, मशीन दुरुस्ती ७२,०००, घसारा १,२०,०००, विमा आणि परवाने २८,०००. एकूण ८,०८,००० रुपये.

महावितरणचं बिल अख्खंच्या अख्खं एका ढिगात टाकू नका. स्थिर किंवा मागणी आकार मशीन बंद असली तरी लागतो, तर बाकीचा आकार वापरलेल्या युनिटवर असतो. बारा बिलं समोर ठेवून या दोन ओळी वेगळ्या काढायला अर्धा तास पुरतो. घसारा नफ्यातून वजा होतो पण खिशातून जात नाही, म्हणून रोखीच्या तक्त्यात तो घ्यायचा नाही.

कार्यालय आणि विक्रीचा खर्च या ढिगांत आणायचा नाही. तो मालाच्या किमतीत मिसळला की साठ्याचं मूल्य उगाच वाढतं.

## ६. एका नगाचा खर्च आणि साठ्याचं मूल्य

आता सगळे तक्ते एका जागी येतात.

| | एकूण रुपये | एका नगाला |
|---|---|---|
| लोखंड (भंगार वजा) | ४९,२२,००० | १०,७०० |
| फाळ-बोल्ट संच | ८,२८,००० | १,८०० |
| हलणारा ओव्हरहेड | ५,५२,००० | १,२०० |
| मजुरी | ११,७०,००० | ४,३०० (दोन्ही मिळून) |
| स्थिर ओव्हरहेड | ८,०८,००० | |
| उत्पादन खर्च | ८२,८०,००० | १८,००० |

१३,७०० रुपये नगाबरोबर हलतात आणि ४,३०० रुपये स्थिर खर्चाचा वाटा आहे. हे दोन आकडे वेगवेगळे लिहून ठेवा, पुढे सारखे लागतील.

३१ मार्चच्या ६० नगांचं मूल्य १८,००० प्रमाणे १०,८०,००० रुपये. सुरुवातीचे ५० नग गेल्या वर्षीच्या खर्चाने, १७,४०० प्रमाणे, ८,७०,००० रुपये. जुना साठा यंदाच्या दराने मोजायचा नाही. स्टॉक स्टेटमेंटमधला आकडाच घ्यायचा. विक्रीदराने तर तो कधीच मोजायचा नाही.

## ७. बजेटमधला नफा

| | रुपये |
|---|---|
| विक्री, ४५० नग | १,०८,००,००० |
| सुरुवातीचा साठा | ८,७०,००० |
| अधिक: उत्पादन खर्च | ८२,८०,००० |
| वजा: अखेरचा साठा | १०,८०,००० |
| विकलेल्या मालाचा खर्च | ८०,७०,००० |
| ढोबळ नफा | २७,३०,००० |
| वाहतूक, नगाला ५०० | २,२५,००० |
| विक्रेत्यांची स्कीम, २ टक्के | २,१६,००० |
| कार्यालय खर्च | ३,५९,००० |
| मालकाचा मेहनताना | ४,८०,००० |
| सीसीवरचं व्याज | २,५०,००० |
| करापूर्वीचा नफा | १२,००,००० |

मालकाचा मेहनताना धराच. प्रोप्रायटरच्या कर हिशेबात तो खर्च म्हणून चालत नाही, पण घर त्याच पैशावर चालतं. तो न धरता निघालेल्या नफ्यात तुमचाच पगार मिसळलेला असतो. व्याज सरासरी २५ लाखांच्या उचलीवर १० टक्क्यांनी धरलं आहे. हंगामाआधी उचल वाढते, म्हणून मार्चअखेरची शिल्लक न घेता वर्षाची सरासरी घ्या.

## ८. शीट एकमेकांना जोडा

प्रत्येक बजेटला वेगळी शीट आणि सगळी गृहीतकं एका `Inputs` शीटमध्ये. लोखंडाचा दर, किलो, तास, पगार हे आकडे दुसरीकडे कुठेही हाताने टाकायचे नाहीत. `Production` शीटमध्ये ओळ २ विक्री, ३ अखेरचा साठा, ४ सुरुवातीचा साठा, ५ उत्पादन. `B` ते `E` चार तिमाही. `Steel` शीटमध्ये ओळ ४ सुरुवातीचा आणि ५ अखेरचा साठा. `Inputs` मध्ये `B5` ला नगाचे किलो आणि `B8` ला नगाचे तास.

```
Production!B5   =B2+B3-B4
Production!C4   =B3
Steel!B6        =Production!B5*Inputs!$B$5+B5-B4
Labour!B2       =Production!B5*Inputs!$B$8
Production!G5   =B4+SUM(B5:E5)-SUM(B2:E2)-E3
```

शेवटची ओळ ताळ्याची आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर पुढे जाऊ नका. आणखी एक चाचणी करा: विक्रीत एका तिमाहीला १० नग वाढवा आणि नफ्याचा आकडा हलतो का पाहा. हलला नाही तर साखळी कुठेतरी तुटली आहे, बहुधा कोणीतरी सूत्रावर हाताने आकडा टाकला असेल.

## ९. नफ्याच्या आकड्याला तीन धक्के देऊन पाहा

लोखंड किलोला ३ रुपयांनी वाढलं. नगाला ६०० रुपये. यंदा बनवून यंदाच विकलेले नग ४००, म्हणून नफा २,४०,००० ने घटून ९,६०,००० वर येतो. उरलेल्या ६० नगांवरचा भार साठ्यात बसून पुढच्या वर्षी जातो. तो वाचला असं नाही.

विक्री १० टक्क्यांनी, म्हणजे ४५ नगांनी घटली. उत्पादनही तेवढंच कमी केलं, तरी मजुरी आणि भाडं तसंच राहतं. एका नगामागे सुटतात २४,००० वजा १३,७००, वजा वाहतूक ५००, वजा स्कीम ४८०, म्हणजे ९,३२० रुपये. ४५ नगांचे ४,१९,४०० रुपये गेले. नगामागचा स्थिर खर्च वाढल्यामुळे त्यातले सुमारे २८,००० अखेरच्या साठ्यात बसतात, तरीही विक्री १० टक्के घटली तर नफा सुमारे ३३ टक्के घटतो. दुष्काळी वर्षाचा विचार आपल्याकडे प्रत्येक बजेटमध्ये करावाच लागतो, आणि तो करायची जागा ही आहे.

विक्री तीच, पण ४० नग जास्त बनवले. ५०० नगांवर स्थिर खर्च विभागला की नगाला ४,३०० ऐवजी ३,९५६ पडतो. अखेरचा साठा १०० नगांचा होतो आणि स्थिर खर्चाचा मोठा वाटा त्यात जाऊन बसतो. कागदावर नफा १,३७,६०० रुपयांनी वाढतो, एकही नग जास्त न विकता. प्रत्यक्षात मात्र ५,४८,००० रुपये लोखंड, फाळ आणि रंगात अडकलेले असतात. म्हणून नफा वाढलेला दिसला की आधी अखेरच्या साठ्याकडे बघा. हंगामापूर्वी मुद्दाम साठा करणं वेगळं आणि रिकामी माणसं बघवत नाहीत म्हणून माल काढत राहणं वेगळं.

## १०. नफा असूनही रोख का नसते

रोखीचं बजेट हा स्वतंत्र विषय आहे, पण मोगड्यापुरती एक गोष्ट इथेच पाहून घ्या. शेतीच्या अवजारांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. लोखंडावरचा १८ टक्केच आहे. आपल्या कारखान्याच्या लोखंडावर वर्षाला ९,१०,८०० रुपये जीएसटी भरला जातो आणि मोगड्यांवर फक्त ५,४०,००० गोळा होतो. भंगाराच्या विक्रीवरचा कर धरूनही साडेतीन लाखांच्या आसपास क्रेडिट लेजरमध्ये साठत जातं. खरेदीवरच्या कराचा दर विक्रीवरच्या दराहून जास्त असला की मिळणारा हा इन्व्हर्टेड ड्युटीचा परतावा `RFD-01` भरून मागता येतो, पण तो मालावरच्या कराचा असतो. वाहतूक, भाडं यांसारख्या सेवांवरचा आणि मशीनवरचा कर त्या सूत्रात येत नाही. परतावा हातात येईपर्यंतची रक्कम सीसीतून वापरली जाते, म्हणून व्याजाच्या ओळीत ती मोजलेली आहे का ते तपासा.

## ११. तिमाही संपल्यावर तुलना कशी करायची

समजा जूनअखेर १५० ऐवजी १४० नग बनले आणि लोखंड लागलं २९,००० किलो. बजेटमध्ये ३०,००० होतं, म्हणून हजार किलो वाचले असं वाटेल. पण १४० नगांना २८,००० किलोच लागायला हवं होतं. म्हणजे १,००० किलो, ५५,००० रुपयांचं लोखंड जास्त गेलं आहे. तुलना नेहमी प्रत्यक्ष बनलेल्या नगांच्या बजेटशी करायची, मूळ आकड्याशी नाही. स्थिर खर्च मात्र मूळ आकड्याशीच ताडायचे.

मग हे हजार किलो शोधायचे कसे? आधी काट्याच्या पावत्यांवरून बारचं वजन बघा. ते बरोबर असेल तर भंगाराची विक्री बघा. १४० नगांना १,४०० किलो भंगार निघायला हवं. २,४०० निघालं असेल तर कटिंगच्या मापात किंवा बारच्या लांबीत चूक आहे. ६ मीटरऐवजी ५.७ मीटरचे बार आले की शेवटचा तुकडा वाया जातो. भंगार १,४०० च निघालं असेल तर लोखंड एकतर आलंच नाही किंवा आल्यावर बाहेर गेलं. अशा वेळी पुढच्या तीन गाड्या स्वतः उभं राहून, आपल्या ओळखीच्या काट्यावर, भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही वजनं करून उतरवून घ्या.